पडून काढलेला एक्स-रे आणि वाया गेलेले चार तास

पहाटे चार वाजता पोटाच्या वरच्या भागात सुरी खुपसल्यासारखी कळ आली आणि काही मिनिटांतच ती पोटभर पसरली. साध्या पोटदुखीत माणूस तळमळतो. मी मात्र गुडघे पोटाशी घेऊन निश्चल पडलो होतो, कारण खोल श्वास घेतला तरी वेदना वाढत होती.

तासाभरात रुग्णालयात पोहोचलो. तेथील तातडीच्या विभागाने मला उताणे झोपवूनच एक्स-रे काढला, त्यात काही दिसले नाही, म्हणून ‘पित्त झाले असेल’ असे सांगून इंजेक्शन देऊन मला एका कोपऱ्यात ठेवले. या गोष्टीचा राग अजूनही जात नाही. जठराला किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला छिद्र पडले की आतील हवा पोटाच्या पोकळीत शिरते, परंतु ती श्वासपटलाखाली जमून दिसावी यासाठी रुग्णाला काही वेळ ताठ बसवून किंवा उभे करूनच छातीचा एक्स-रे काढावा लागतो. तसा काढूनही काही रुग्णांत हवा दिसत नाही, आणि तेव्हा सीटी स्कॅन करावे लागते.

आठच्या सुमारास वेदना कमी झाली आणि मला घरी जाण्याची घाई झाली, ही चूक माझी. गळालेले आम्ल पोटात पाझरणाऱ्या द्रवाने पातळ होते, म्हणून काही तास बरे वाटते; त्याच वेळी जंतुसंसर्ग मात्र पसरत असतो. नऊ वाजता आलेल्या शल्यचिकित्सकांनी पोटावर हात ठेवताच ते थांबले. वेदना ओसरली होती, तरी पोट लाकडी फळीसारखे ताठ होते, आणि ते सैल सोडणे माझ्या हातात नव्हते. “गुडघ्यासाठी किंवा अंगदुखीसाठी गोळ्या घेता का?” या त्यांच्या प्रश्नावर मला आठवले की दोन महिने मी रोज वेदनाशामक गोळ्या घेत होतो, हे पहिल्याच डॉक्टरांना सांगायला हवे होते. बसवून काढलेल्या एक्स-रेमध्ये उजव्या श्वासपटलाखाली हवेची काळी चंद्रकोर स्पष्ट दिसली.

पुढे सारे भराभर झाले: सलाईन, प्रतिजैविके, जठर रिकामे करण्यासाठी नाकातून नळी, लघवीसाठी नळी, संमतिपत्रावर सही. शस्त्रक्रियेत छिद्रावर पोटातील चरबीच्या पडद्याचा तुकडा टाक्यांनी बसवला आणि पोट भरपूर सलाईनने धुतले. छिद्र जेमतेम अर्धा सेंटीमीटरचे होते, पण त्यातून होणारी गळती थांबवल्याशिवाय औषधे पुरेशी पडत नाहीत.

नाकातली नळी काढल्यावर घोटभर पाणी मिळाले, तो आनंद वेगळाच होता. ज्या व्रणातून छिद्र पडले, त्यामागे त्या वेदनाशामक गोळ्यांबरोबर हेलिकोबॅक्टर पायलोरी जंतूही असू शकतो म्हणून तपासणी झाली, ती सकारात्मक आली आणि चौदा दिवसांची औषधे सुरू झाली. तो जंतू खरोखर गेला का, हे पाहणारी तपासणी औषधे संपल्यावर किमान चार आठवड्यांनी करायची असते. त्या तारखेची नोंद मी यावेळी स्वतःच करून ठेवली आहे.