दिवे लागल्यावर

सिनेमा संपला की माझ्या घरातली माणसं एकदम उठतात. दिवे लागायच्या आत बायको पर्समध्ये पार्किंगची चिठ्ठी शोधत असते आणि मुलगा जिन्यात पोचलेला असतो. मी मात्र खुर्चीत रुतून बसतो, कारण माझा मामेभाऊ मुंबईत लाइटमन आहे आणि त्याचं नाव पार शेवटी येतं. मागच्या महिन्यात मामीही सोबत होती. पोराचं नाव मोठ्या पडद्यावर ती पहिल्यांदाच पाहणार होती, म्हणून चष्म्याच्या काचा पदराला पुसून ती खुर्चीच्या टोकाला येऊन बसली.

नावं खालून वर सरकायला लागली. मामीने एक ओळ अडखळत वाचली आणि विचारलं, "की ग्रिप म्हणजे किल्ल्या सांभाळणारा का रे?"

"नाही मामी."

"आणि हा गॅफर? गफलती करतो का?"

मी हसण्यात वेळ घालवला आणि तेवढ्यात आमची ओळ निघून गेली. झाडू घेऊन आलेला पोरगा पॉपकॉर्न गोळा करत आमच्या रांगेपर्यंत आला, तरी मामी पडद्याकडेच बघत होती. "दिसलं नाही," ती म्हणाली. चूक माझीच होती. नाव कुठे शोधायचं हे मी तिला आधी सांगायला हवं होतं.

ही यादी लग्नपत्रिकेसारखी वाचावी. पत्रिकेत आजोबांचं नाव कुठे, काकांचं कुठे आणि 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' कुठे, हे ठरलेलं असतं. इथेही तसंच आहे. सुरुवातीला एकेकटी झळकणारी नावं मानाची, आणि त्यांत दिग्दर्शक सगळ्यात शेवटी, पहिल्या दृश्याला अगदी खेटून येतो. हीच मानाची नावं सिनेमा संपल्यावर दाखवायची असली तर क्रम उलटतो आणि दिग्दर्शक पहिला येतो. त्यानंतर जी लांबलचक यादी सरकते तिच्यात खात्यांचे गठ्ठे असतात. प्रत्येक गठ्ठ्यात वर मुकादम, खाली त्याचा उजवा हात, मग बाकीची मंडळी. आपला माणूस हवा असेल तर आधी त्याच्या मुकादमाला गाठायचं. भावाचा मुकादम म्हणजे गॅफर. त्याच्याखाली बेस्ट बॉय, ज्याचा शहाण्या मुलाशी काही संबंध नाही. तो गॅफरचा दुय्यम, सामानाचा आणि हजेरीचा हिशेब ठेवणारा. त्याच्याखाली लाइटमन आणि त्या लाइटमनांमध्ये आमचा हिरो.

हे लोक करतात काय, हे मला एका खिडकीमुळे कळलं.

भावाचं युनिट जुन्या नाशकात, सराफ बाजारामागच्या एका वाड्यात आलं होतं. दृश्य साधं होतं. सकाळची वेळ, माडीवरच्या खोलीत आजी पत्र वाचत बसलेली, खिडकीच्या गजांमधून उन्हाचा पट्टा तिच्या मांडीवर आणि मागच्या भिंतीवर. मी भाबडेपणाने म्हणालो, "ऊन तर येतंच आहे की खिडकीतून. घ्या शूट करून."

भाऊ म्हणाला, "दादा, हा सीन दोन मिनिटांचा आहे, पण शूटिंग सहा तास चालणार. तेवढा वेळ सूर्य थांबतोय होय?"

खरंच होतं. दहाला मांडीवर असलेलं ऊन साडेअकराला उंबऱ्यापाशी गेलं असतं आणि बाराला गायब. आजीचा चेहरा दहाला घेतला आणि हातातलं पत्र एकला घेतलं, तर दोन तुकडे जोडताना उन्हाने मधेच उडी मारलेली दिसते. म्हणून खऱ्या सूर्याला सुट्टी द्यायची आणि बाहेर आपला सूर्य लावायचा. तो लावणारा गॅफर. ऊन कसं हवं, हे कॅमेरामन ठरवतो. ते कुठल्या दिव्यातून, किती अंतरावरून आणि कुठल्या विजेवर आणायचं, हे गॅफरचं डोकं.

मला वाटलं, दिवा खिडकीला चिकटवून ठेवला की झालं. गॅफर म्हणजे पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने मला बोटांवर गणित करून दाखवलं. दिवा खिडकीबाहेर 5 फुटांवर ठेवला आणि आजी आत 5 फुटांवर असली, तर ती दिव्यापासून 10 फुटांवर आली. मागची भिंत आत 15 फुटांवर, म्हणजे दिव्यापासून 20 फुटांवर. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. म्हणजे आजी पांढरीफटक आणि भिंत अंधारात. ऊन असं कधीच पडत नाही, कारण सूर्य इतका लांब आहे की आजी काय आणि भिंत काय, त्याला सारखीच. म्हणून दिवा मागे न्यायचा. तो गल्लीपलीकडे 25 फुटांवर नेला की आजी 30 फुटांवर येते, भिंत 40 वर, आणि भिंतीला आजीच्या निम्म्याहून थोडा जास्त उजेड मिळतो. आता ते ऊन वाटतं. पण त्याची किंमत मोजावी लागते. आजी तिप्पट लांब गेली, म्हणजे तिच्यावर आधीच्या फक्त नववा हिस्सा उजेड उरला. तो भरून काढायला मोठा दिवा लागतो.

त्यांनी 4 किलोवॅटचा दिवा आणला होता. 4,000 वॅटला 230 व्होल्टने भागलं की 17 अँपिअरच्या वर जातं. वाड्यातल्या पंख्याच्या प्लगमधून 6 मिळतात, गीझरच्या मोठ्या प्लगमधूनही 16च. आणि वायरिंग आजोबांच्या काळातलं. "इथे लावला तर आधी फ्यूज जाईल, मग वाडा," गॅफर म्हणाला. म्हणून जनरेटरची गाडी. तिचा घरघराट आवाजवाल्याला चालत नाही, म्हणून ती दोन गल्ल्या सोडून उभी केलेली, आणि तिथून केबल ओढत आणण्यात आमच्या हिरोची सकाळ गेली होती.

आता की ग्रिप. दिवा लागला, झकास पट्टा पडला आणि आजीच्या मागे गजांच्या सावल्यांचे दोन संच उमटले. एक दिव्याचा, एक खऱ्या उन्हाचा. (घरी सिनेमा बघताना हे जरूर शोधा. उन्हातल्या खोलीत एकाच गजाच्या दोन ठसठशीत सावल्या दिसल्या की समजायचं, कुणाचं तरी लक्ष नव्हतं.) खरं ऊन अडवणं हे दिवेवाल्यांचं काम नाही, ते ग्रिपवाल्यांचं, आणि त्यांचा मुकादम म्हणजे की ग्रिप. अमेरिकी पद्धतीतली वाटणी मला फार आवडते. दिवा आणि दिव्याला चिकटलेलं जे काही आहे ते गॅफरच्या माणसांचं. उजेडाच्या वाटेत वेगळ्या स्टँडवर जे उभं राहतं, मग तो उजेड मऊ करणारा कापडाचा स्किमर असो, उजेड अडवणारा काळा कटर असो की थर्माकोलचा पांढरा तक्ता, ते ग्रिपचं. थोडक्यात, उजेड एकाने आणायचा आणि दुसऱ्याने कापायचा. कॅमेऱ्याची ट्रॉली, रूळ, क्रेनही ग्रिपकडेच. ब्रिटिश पद्धतीत मात्र कापाकापीही दिवेवालेच करतात आणि ग्रिप फक्त कॅमेऱ्याचं वाहन सांभाळतो. त्यामुळे एकच शब्द दोन देशांच्या यादीत दोन वेगळी कामं सांगतो. आपल्याकडे सगळ्याची मिसळ असते, आणि पुष्कळ मराठी सिनेमांच्या यादीत हे दोन्ही शब्द सापडतच नाहीत. नुसतं 'लाइट्स' म्हणून भाड्याने सामान देणाऱ्याचं नाव असतं.

त्या दिवशी की ग्रिपने गच्चीवर 12 बाय 12 फुटांच्या चौकटीत काळं कापड ताणून सूर्य अडवला. मला ते पडदा बांधण्याइतकं सोपं वाटलं. पण ती चौकट म्हणजे नावेचं शीड असते. ताशी 40 किलोमीटरचा वारा आला तर तेवढ्या कापडावर साधारण शंभर किलोचा जोर येतो आणि खाली गल्लीत माणसं असतात. त्याने चारही कोपरे दोराने बांधले, वाळूच्या पिशव्या टाकल्या आणि एक पोरगा नुसता झाडांच्या शेंड्यांकडे बघत बसवला. शेंडे हलायला लागले की चौकट खाली. खोलीत तर तो गुडघ्यांवर बसून पाणसळ लावत होता. माडीची जमीन एका बाजूला कललेली, म्हणून ट्रॉलीच्या रुळाखाली पाचरी मारणं चाललं होतं. कटरच्या स्टँडला हात लावायला गेलो तर त्याने मला थांबवलं. आडव्या दांड्याचं वजन नेहमी सर्वांत उंच पायाच्या दिशेला हवं, त्याच पायावर वाळूची पिशवी हवी, आणि दांडा आवळणारी मूठ अशा बाजूला हवी की वजनाने दांडा खाली झुकला तर ती आवळत जाईल, सैल होणार नाही. "उलटी लावली तर कटर हळूहळू उतरतो आणि शॉटच्या मध्येच आजीच्या डोक्यावर टेकतो."

राहिला निर्माता. जनरेटर एक दिवस आणायचा की दोन, यावर सकाळीच बरीच वादावादी झाली होती, पण ती गॅफर आणि निर्मात्यात नव्हे. सेटवर रोजचा खर्च बघणारा लाइन प्रोड्यूसर, तो भांडत होता. वाड्यातच शूट करायचं, पैसे कुठून उभे करायचे, दिग्दर्शक कोण, हे ज्याने आधी कधीतरी ठरवलं तो निर्माता त्या दिवशी नाशकात नव्हताच. आणि यादीत निर्माते एक नसतात. अमेरिकेत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर घ्यायला स्टेजवर जातो तो साधा, बिनविशेषणाचा निर्माता. 'एक्झिक्युटिव्ह' हे भारदस्त विशेषण तिथे बहुधा पैसे किंवा हक्क आणणाऱ्याला मिळतं. आपल्याकडचा कार्यकारी निर्माता मात्र बऱ्याचदा सेटवर घाम गाळणारा असतो. काही अमेरिकी नावांपुढे बारीक अक्षरांत पी.जी.ए. असं दिसतं. निर्मितीचं बहुतेक काम या माणसाने खरंच केलं, असा तिथल्या निर्मात्यांच्या संघटनेचा तो शिक्का आहे. असा शिक्का काढावा लागला, यातच काय ते आलं.

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारकात गेलो की मला हल्ली दादासाहेब फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई आठवतात. 1913च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी त्यांनी दागिने दिले, उन्हात तासन्‌तास पांढऱ्या चादरी धरून उजेड नटांवर वळवला, रात्री फिल्मच्या कडांना भोकं पाडली आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही केला. आजच्या यादीत त्यांचं नाव किमान तीन गठ्ठ्यांत घालावं लागलं असतं.

तर मामी. पुढच्या रविवारी मी तिला तोच सिनेमा परत दाखवला. या वेळी तयारी करून गेलो होतो. गॅफर आला, बेस्ट बॉय आला, "आता बघ," म्हणालो, आणि पाचव्या ओळीत नाव सापडलं. मामीने बोटाने हवेतच त्या ओळीचा पाठलाग केला, ती वरच्या काठात शिरेपर्यंत.

गाडीतून तिने पोराला फोन लावला. तो खूश झाला, पण त्या सिनेमाच्या शेवटच्या नऊ दिवसांचे पैसे अजून यायचे आहेत म्हणाला.

"ते कुणी द्यायचे असतात?" मामीने फोन ठेवून मला विचारलं.

"निर्मात्याने."

"ते तर अकरा होते. मी मोजले," मामी म्हणाली. "एकाकडे तरी असतील ना?"