३४ अंशांतही उष्मा लागतो: चिपळूण-रत्नागिरी मार्गावरचा माझा अनुभव

कामासाठी मी रत्नागिरीहून चिपळूणला बाईकने जातो-येतो. मे महिन्यात सकाळचं जाणं निभतं, दुपारचा परतीचा रस्ता मात्र जीव काढतो. पारा ३४-३५ दाखवत असतो, म्हणून घाटावरचे मित्र म्हणतात, "एवढंच?" पण आपल्याकडे हवेतच एवढा ओलावा असतो की घाम अंगावरच राहतो. तो वाळला तरच शरीर थंड होतं. नुसता निथळून गेला तर पाणी आणि मीठ जातं, थंडावा काही मिळत नाही.

त्या दुपारी सावर्ड्याच्या पुढे रस्त्याच्या कामामुळे गाड्या तुंबल्या होत्या. वारा बंद, खाली इंजिनाची धग. आरवली येईपर्यंत डोकं ठणकायला लागलं, मळमळ सुरू झाली. त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे पुढच्या ट्रकचे ब्रेक लाइट दिसूनही माझा हात लिव्हरवर उशिरा जात होता. मी तिथेच एका टपरीपाशी थांबलो.

टपरीवरच्या काकू म्हणाल्या, "बाळा, आधी ते अंगावरचं काढ, मग पाणी." बरोबरच होतं. हेल्मेट, जॅकेट, बूट काढले, बाकड्यावर पाय उंच करून पडलो. मानेवर नि काखेत ओला पंचा ठेवला आणि त्यांनी पुठ्ठ्याने वारा घातला. ओआरएसची पूर्ण पुडी एक लिटर पाण्यात कालवून घोट घोट प्यायलो. अर्धी पुडी अंदाजाने टाकली की प्रमाण बिघडतं. अर्ध्या तासात मळमळ थांबली. ती थांबली नसती, किंवा बोलणं असंबद्ध झालं असतं, तर १०८ला फोन करायचा, कारण तो उष्माघात असू शकतो. घाम येतोय म्हणून तो नाहीच, असं समजू नये. बरं वाटलं तरी हात-पाय आणि लक्ष लगेच ताळ्यावर येत नाही, म्हणून बाईक तिथेच ठेवून मी एसटीने घरी आलो.

आता तहानेची वाट बघत नाही. साधारण वीस मिनिटांनी पेलाभर पाणी पितो आणि थांब्यावर मीठ-जिरं घातलेलं कोकम सरबत घेतो. लघवी गडद पिवळी दिसली की निघणं लांबवतो.

जाड कापडी जॅकेट ठेवून जाळीचं घेतलं, तेही फिकट रंगाचं. त्याच्या आत ओला केलेला टी-शर्ट घातला की चालत्या गाडीवर खरा फरक पडतो. गाड्या तुंबल्या की मात्र जाळीचाही उपयोग नाही, तेव्हा सावली गाठून इंजिन बंद करतो. पाठीवरची सॅक आता मागच्या सीटला बांधतो, कारण पाठीवर असली की जाळीचा निम्मा भाग झाकला जातो.