फ्रिजच्या रबरातले काळे ठिपके आणि आंबोळीचं पीठ

श्रावणात डोंबिवलीच्या आमच्या घरात सगळंच दमट होतं, त्यामुळे फ्रिज उघडल्यावर येणारा आंबूस वास मी आठवडाभर पावसावर ढकलला. आधी वाटलं दही जुनं झालंय. मग अर्ध्या लिंबाची फोड ठेवली, वाटीत सोडा ठेवला. वास जरा दबायचा आणि दोन दिवसांनी परत यायचा. शेवटी आई म्हणाली, "अगं, वास झाकतेस कशाला, शोध की."

रविवारी प्लग काढला, सामान थर्माकोलच्या पेटीत बर्फासोबत भरलं आणि दरवाजाच्या रबराची घडी बोटाने उलटली. वरून रबर पांढरं दिसत होतं, आत खसखस सांडावी तसे काळे ठिपके. ती बुरशी. या रबराला दोन-तीन घड्या असतात. दार उघडलं की बाहेरची दमट हवा थंड रबराला लागून तिथे पाण्याचे थेंब जमतात. त्यात दुधाचा ओघळ, पोळीचा चुरा येऊन बसला की बुरशीला आणखी काय हवं!

पहिल्यांदा साधं काम केलं. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा आणि भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब घालून जुन्या मऊ टूथब्रशने घडीघडीतून घासलं. चिकट थर सगळा निघाला, ठिपके फिके झाले. टोकदार वस्तू वापरायचा मोह होतो, पण रबर फाटलं तर तिथूनच गार हवा जाते. अरुंद जागी मी काडीला सुती कापड गुंडाळलं. मग पांढरं व्हिनेगर पाण्यात निम्मं-निम्मं करून त्यात कापडाच्या पट्ट्या भिजवल्या, त्या घडीत खोचून पंधरा मिनिटं ठेवल्या आणि पुन्हा घासलं. बरेचसे ठिपके गेले.

बिजागरीच्या बाजूचा खालचा कोपरा मात्र हटेना. त्यासाठी पेलाभर पाण्यात चमचाभर कपड्यांचं ब्लीच घेतलं, पण आधी व्हिनेगर दोनदा साध्या पाण्याने पुसून काढलं. हे दोन एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू निघतो. हातमोजे घातले, खिडकी उघडली. कापसाने फक्त डागावर लावलं, पाच मिनिटांनी पुसलं. ठिपके फिके झाले, तरी करड्या खुणा राहिल्या. रंग रबराच्या आत मुरला की तो जात नाही. हात फिरवून जागा गुळगुळीत आणि कोरडी लागली तर ती नुसती खूण, बुळबुळीत लागली तर बुरशी अजून आहे. म्हणून ब्लीच वारंवार वापरलं नाही, त्याने रबर कडक होऊन चिरतं.

हे सगळं झालं, तरी वास होताच! मग काचेचे कप्पे काढले. ते आधी अर्धा तास बाहेर ठेवले, कारण थंड काचेवर कोमट पाणी पडलं तर ती तडकू शकते. काचेच्या कडेला प्लॅस्टिकची पट्टी असते ना, तिच्या खाचेत पिवळसर, घट्ट काहीतरी भरलं होतं. आंबोळीचं पीठ. मागच्या पंधरवड्यात डबा उतू गेला होता, तेव्हा मी वरून पुसून समाधान मानलं होतं. पीठ काचेच्या कडेवरून पट्टीत उतरलं आणि तिथेच आंबत राहिलं. आमच्या फ्रिजमध्ये ती पट्टी हळूच ओढली की निघते, पण काही मॉडेलमध्ये ती चिकटवलेली असते, तिथे ओढू नये, कोमट सोड्याच्या पाण्यात कड बुडवून ठेवावी आणि ब्रशने खरवडावं. पट्टी निघाली तेव्हा जो भपका आला त्याचं वर्णन नको. भिंतीवरच्या ज्या कडांवर कप्पे टेकतात, त्यांच्यातूनही दोन ओघळ निघाले.

सगळं कोरड्या कापडाने पुसून तासभर दार उघडं ठेवलं. पट्टीत ओल राहिली असती तर पुन्हा तेच.

दुपारी दादा आला. त्याने खिशातून दहाची नोट काढली, दारात धरून दार लावलं आणि ओढली. वर, मधे, अडखळत निघाली. बिजागरीजवळच्या त्या खालच्या कोपऱ्यात मात्र सर्रकन. म्हणजे बुरशी तिथेच चिवट का होती ते कळलं. रबर तिथे चेपलं होतं, दमट हवा सतत आत शिरत होती. मी हेअर ड्रायर मध्यम उष्णतेवर थोडा लांब धरून रबर मऊ केलं, बोटांनी बाहेर ओढून आकार दिला आणि दार लावून ठेवलं. संध्याकाळी नोट जरा अडखळली, पण बाकी दारासारखी नाही. दादा म्हणाला, "हे रबर आता बदलायलाच हवं." मॉडेल नंबर दारामागच्या स्टिकरवरून लिहून घेतलाय, गणपतीनंतर मेकॅनिकला बोलावणार.

वास आता नाही. पिठाचा डबा अर्धाच भरते आणि खाली ताट ठेवते.