वहीत मी काय लिहितो

"सर, निर्णय झाला की तुम्ही वहीत काय लिहीत बसता? मीटिंगचे मिनिट्स असतातच ना?"

मिनिट्समध्ये काय ठरलं ते असतं, ठरवताना मला काय वाटत होतं ते नसतं, आणि निकाल कळला की डोक्यातून बदलतं ते नेमकं हेच.

एक उदाहरण सांगतो. आम्ही पीस भट्टीत तापवून कडक करून देणारा, म्हणजे हीट ट्रीटमेंटचा जॉबवर्क व्हेंडर बदलला, रेट बऱ्यापैकी कमी मिळत होता. त्या दिवशी वहीत लिहिलं होतं, "तीन महिन्यांत रिजेक्शन २ टक्क्यांच्या आत राहील, खात्री ८० टक्के. भीती डिलिव्हरीची, गाडी लांबून येते. क्वालिटीची चिंता नाही, सँपल लॉट ओके." दुसऱ्याच महिन्यात हार्डनेस कमी-जास्त यायला लागला, रिजेक्शन ५ टक्क्यांवर गेलं. रिव्ह्यूला बसलो तर जो तो म्हणतोय, मला तेव्हाच शंका होती, आणि खरं सांगतो, मलाही अगदी मनापासून तसंच वाटत होतं. वही उघडली तर शंका गाडीची होती, भट्टीची नव्हतीच.

यात कोणी खोटं बोलत नसतं. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन दौऱ्यावर जायच्या आधी फिशहॉफ आणि बेथ या संशोधकांनी विद्यार्थ्यांना विचारलं होतं की अमुक घडायची शक्यता किती, आणि नंतर विचारलं की तेव्हा तुम्ही आकडा किती दिला होता. जे घडलं असं त्यांना वाटत होतं, त्याला आपण आधीच जास्त आकडा दिला होता असं बऱ्याच जणांना आठवलं.

वही नसती तर "व्हेंडरच बेकार" म्हणून आम्ही मोकळे झालो असतो. पण "सँपल लॉट ओके" या ओळीवर अडलो आणि शोधलं, तर सँपलचे २०० पीस बास्केटमध्ये मोकळे ठेवले होते, रेग्युलर मालाला बास्केट गच्च भरत होते, मग मधल्या पीसना क्वेंचिंग, म्हणजे तापवल्यावर झटकन थंड करणं, नीट मिळत नव्हतं. सँपल फुल चार्जमध्ये, म्हणजे भरलेल्या बास्केटमध्ये काढलंय का, हा प्रश्न त्याच दिवशी विचारता आला असता, माझी चूक ती. रेट बघून बदलायचं ठरवलं ते मला आजही चूक वाटत नाही.

म्हणून लिहायचं ते निकालाआधी, पेनने, तारीख टाकून, आणि पुन्हा कधी उघडायचं तेही तिथंच लिहायचं. "व्हेंडर चांगला वाटतो" असलं लिहिलं तर नंतर त्याचा काहीही अर्थ लावता येतो, त्यामुळे आकडा आणि मुदत हवीच. महिन्याला दोन-तीनच निर्णय लिहितो, सगळे लिहायला गेलं की आठवड्यात वही बंद पडते.

वर्षभराने ८० टक्के खात्रीच्या नोंदी मोजल्या. १५ होत्या, त्यातल्या ९ खऱ्या ठरल्या, १२ व्हायला हव्या होत्या. एवढ्याशा नोंदींवरून पक्कं काही म्हणता येत नाही, पण त्या ६ चुकलेल्यांपैकी ४ नव्या व्हेंडरच्या होत्या, म्हणून तिथं आता मी ८० लिहायच्या आधी एकदा त्यांच्या शॉपवर जाऊन रेग्युलर लॉट चालू असताना बघून येतो.