थंडाईचा विषय कुठून आला

“तुमचा चॅनेल रश्श्याचा आणि मसाल्याचा, मग तालमीतल्या थंडाईचा व्हिडिओ करावा हे कसे सुचले?”

यूट्यूब स्टुडिओत ‘Analytics’ उघडून ‘Audience’ या भागात खाली गेले की आपले प्रेक्षक इतर कोणते चॅनेल आणि कोणते व्हिडिओ पाहतात याच्या याद्या मिळतात. चॅनेलांची यादी मागच्या 28 दिवसांची असते, व्हिडिओंची मागच्या 7 दिवसांची. प्रेक्षक पुरेसे नसतील तर ही जागा रिकामीच राहते, आणि माझीही कित्येक महिने रिकामी होती.

ती भरली तेव्हा तिच्यात बातम्या, मालिका, उसाच्या खोडव्याची माहिती आणि कुस्तीची मैदाने होती. बातम्या आणि मालिका मी बाजूला काढल्या, कारण त्या सारेच पाहतात आणि त्यावरून माझ्या प्रेक्षकांविषयी काहीच कळत नाही. उरलेली नावे दर सोमवारी वहीत उतरवू लागले. सात दिवसांची यादी सणावारी फसवते: गणेशोत्सवात आरत्या वर आल्या आणि अनंत चतुर्दशीनंतर दिसेनाशा झाल्या, कुस्ती मात्र चारही सोमवारी टिकून होती.

इथे माझी चूक झाली. खासबागेत जाऊन मी कुस्त्यांचेच चित्रण करून आणले, आणि प्रेक्षक किती वेळ थांबतात हे दाखवणारी रेषा पहिल्या अर्ध्या मिनिटातच कोसळली. प्रेक्षक काय पाहतात एवढेच यादी सांगते. का पाहतात आणि ते कुणाकडून हवे आहे, हे ती सांगत नाही. कुस्ती पाहायला त्यांच्याकडे माझ्यापेक्षा जाणती माणसे आहेतच. म्हणून यादीतले कुस्तीचे व्हिडिओ उघडून मी त्यांखालच्या प्रतिक्रिया वाचत बसले, तेव्हा पैलवान खातात काय आणि पितात काय, हा प्रश्न पुन्हापुन्हा दिसला. त्याचे उत्तर माझ्या स्वयंपाकघरात होते: रात्रभर भिजवून सोललेले बदाम, खसखस, वेलदोडे आणि थोडी मिरी कुंडीत घालून लाकडी दांड्याने लोण्यासारखे होईपर्यंत घोटायचे आणि मग दूध घालायचे. (मिक्सरमध्ये वाटले तर तालमीतले वस्ताद रागावतात, हे मी व्हिडिओतही सांगितले.)

अंदाज बरोबर होता की नाही, हे मी एकूण पाहणाऱ्यांच्या आकड्यावरून ठरवले नाही. आपला व्हिडिओ कोणकोणत्या व्हिडिओंच्या शेजारी सुचवला गेला आणि तिथून प्रेक्षक आले, हे ‘Suggested videos’ या नोंदीत कळते; तिथे पहिल्यांदाच कुस्तीचे व्हिडिओ आले. जुने प्रेक्षकही शेवटपर्यंत थांबले, कारण विषय नवा असला तरी ते स्वयंपाकच पाहत होते.

खोडव्याची नोंद अजून वहीत तशीच आहे. गुऱ्हाळे सुरू झाली की काकवीचा विचार आहे, पण त्याआधी चार सोमवार यादीत ऊस टिकतो का, ते पाहणार आहे.