फेल्युअर रिपोर्ट पोहोचेपर्यंत: कायदेशीर संपाचा माझा अनुभव

संप कायदेशीर ठरायला काय लागतं, असं कुणी विचारलं की लोक एका दमात सांगतात, "चौदा दिवसांची नोटीस द्या." नोटीस आम्हीही दिली होती. आम्ही अडकलो ते त्यानंतर, एका सरकारी टेबलावर, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

आमचा कारखाना नवी मुंबईत रबाळ्याला, टीटीसी एमआयडीसीत. मी तिथे मशिन शॉपला आणि युनियनचा चिटणीस. युनियन मान्यताप्राप्त होती, म्हणजे 1971 च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली औद्योगिक न्यायालयाकडून मान्यता मिळालेली. ही गोष्ट आधी सांगतो, कारण महाराष्ट्रात संपाचे नियम याच कायद्यामुळे जास्त कडक होते. केंद्राच्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात पाणी, वीज, वाहतूक अशा लोकोपयोगी सेवा सोडल्या तर साध्या कारखान्याला संपाची नोटीस सक्तीची नव्हती. आपल्याकडे मात्र ती होती, आणि मान्यताप्राप्त युनियन असेल तर नोटिशीच्या आधी सभासदांचं बहुमतही लागत होतं. हे सगळं केंद्राची नवी औद्योगिक संबंध संहिता येण्याआधीचं आहे. आता काय बदललं ते पुढे येईल.

पगारवाढीच्या कराराची मुदत संपली होती. करार संपला म्हणजे आपण मोकळे, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं. करार मोडत असल्याची लेखी नोटीस देऊन दोन महिने जावे लागतात, तोवर जुना करार लागूच राहतो आणि त्यातल्या विषयांवर केलेला संप बेकायदेशीर ठरतो. ती नोटीस आमचे जुने अध्यक्ष, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, त्यांनी वेळेत दिली होती. मागणीपत्र गेलं, बोलणी झाली, फिसकटली.

मग मतदान. आमचे सभासद 164. कायद्यात बहुमत आहे ते युनियनच्या सभासदांचं, मतदानाला आलेल्यांचं नव्हे. म्हणजे 83 मतं हवीतच. समजा 139 जण आले आणि 75 जणांनी हो म्हटलं, तर सभागृहात टाळ्या पडतील, पण कायद्याने तो ठराव पडलेला असेल. आमच्याकडे 139 आले आणि 118 मतं संपाच्या बाजूने पडली. भाऊंनी प्रत्येकाची सही सभासद नोंदवहीतल्या नावासमोर घेतली, ठराव इतिवृत्तात लिहिला आणि त्या दिवशीची सभासदसंख्याही त्यातच नोंदवली. हे मतदान 3 तारखेला झालं, नोटीस 5 तारखेला दिली. हा क्रम उलटा झाला तर पुढचं सगळं वाया जातं.

नोटिशीत संपाची तारीख 22 टाकली. चौदा दिवस 19 ला संपत होते, वर थोडी मोकळीक ठेवली. आणि भाऊंनी एक वाक्य आग्रहाने घातलं: "दि. 22 पासून किंवा त्यानंतर कोणत्याही दिवशी." तेव्हा मला ते वाक्य उगाचच सावध वाटलं होतं. पुढे तेच कामाला आलं. कंपनीच्या टाइम ऑफिसने प्रतीवर शिक्का द्यायला खळखळ केली, तेव्हा तिथल्या तिथे दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि तीच नोटीस रजिस्टर पोस्टानेही पाठवली.

नोटिशीची प्रत कामगार खात्याकडे गेली आणि समेट अधिकाऱ्याने, म्हणजे दोन्ही बाजूंत तडजोड घडवायला बसवलेल्या सरकारी अधिकाऱ्याने, वाद दाखल करून घेतला. पहिली बैठक 14 तारखेला. इथून घोळ सुरू झाला.

समेट चालू असताना, आणि ती संपल्यावर आणखी सात दिवस, नोटिशीतल्या मागण्यांवर संप करता येत नाही. म्हणजे 22 तारीख गेली. पुढच्या बैठकीला कंपनीचा माणूस यायचा आणि म्हणायचा, "मॅनेजमेंटचा निर्णय व्हायचाय, तारीख द्या." तारीख मिळायची. रोजनाम्यावर, म्हणजे बैठकीच्या नोंदीच्या कागदावर, ओळ यायची, "उभय पक्षांच्या संमतीने पुढील तारीख," आणि कागद सहीसाठी आमच्याकडे सरकायचा. भाऊंनी दुसऱ्याच तारखेला पेन खाली ठेवलं. "आमची संमती नाही, असं लिहा, मग सही करतो." यामागे कारण होतं. समेट अधिकाऱ्याने चौदा दिवसांत अहवाल द्यावा असं कायद्यात होतं, पण दोन्ही बाजूंनी लेखी संमती दिली तर ती मुदत वाढायची. ही ओळ न वाचता सही करणारे पदाधिकारी मी नंतर इतर कंपन्यांत पाहिले. आपल्याच सहीने आपला संप पुढे ढकलतात आणि मग गेटवर अधिकाऱ्याला शिव्या देतात.

शेवटी तडजोड होत नाही अशी रोजनाम्यात नोंद झाली. आता फेल्युअर रिपोर्ट, म्हणजे समेट असफल झाल्याचा अधिकाऱ्याचा अहवाल, निघणार, सात दिवस मोजायचे आणि संपावर बसायचं, असं आम्ही धरून चाललो. रिपोर्ट निघेना.

गेटवर पोरं अस्वस्थ. "दादा, चौदा दिवस कधीच होऊन गेले. साहेबांनी मुदत पाळली नाही तर आपण का थांबायचं?" प्रश्न रास्त होता. मलाही आतून तेच वाटत होतं. पण भाऊंनी गेट मीटिंगमध्ये उभं राहून 1959 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगितला, अंधेरी-मरोळ-कुर्ला बस सर्व्हिसचा. न्यायालयाने म्हटलं होतं की चौदा दिवस उलटले म्हणून समेट आपोआप संपत नाही. अधिकाऱ्याने उशीर केला तर ती त्याची कसूर, पण समेट चालूच समजायची. अहवाल शासनाला मिळतो, त्या दिवशी ती संपते. त्याआधी बसलात तर संप बेकायदेशीर. मीटिंग शांत झाली, पण कुणाचं समाधान झालं नाही, आणि ते व्हायचं कारणही नव्हतं. एका माणसाच्या दिरंगाईने 164 माणसांचा हक्क लटकत ठेवता येतो, आणि कायदा त्याला तारीख सांगतो पण ती चुकल्याचा तोटा कामगाराच्या माथी मारतो, हे मला आजही अन्यायाचं वाटतं.

मग त्या कार्यालयाच्या फेऱ्या. "साहेब व्हीसीला बसलेत." "रिपोर्ट झालाय, सही बाकी आहे." "सही झाली, टपालात आहे." एका दुपारी मी तिथल्या टेबलावरच्या बाईंना विनंती केली की जावक रजिस्टर तेवढं दाखवा. त्यांनी उघडलं. आमच्या वादाचा क्रमांक होता, कंपनीचं नाव होतं, विषयात "असफल अहवाल" लिहिलेलं होतं, आणि पुढचे दोन रकाने, जावक क्रमांक आणि दिनांक, कोरे. म्हणजे अहवाल तयार होता आणि खोलीतून हलला नव्हता. तिकडे कंपनीने तोवर कंत्राटी माणसं आणून माल साठवायला घेतला होता.

त्यावर जे केलं ते कुणालाही करता येईल. युनियनच्या लेटरहेडवर पत्र दिलं: अमुक तारखेला समेट असफल झाल्याची रोजनाम्यात नोंद आहे, अहवाल कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकाने पाठवला ते लेखी कळवावं. त्याची प्रत वरच्या कार्यालयाला. दोन्हीकडे आवक शिक्का घेतला. तोंडी विचारलं की तोंडी उत्तर मिळतं. शिक्का पडलेल्या पत्राला कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं. अहवाल हलला. मात्र सात दिवस जावक तारखेपासून मोजायचे नसतात. तो शासनाला, किंवा शासनाने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याला, मिळाल्याची तारीख धरायची. म्हणून वरच्या कार्यालयाच्या आवक रजिस्टरमधली तारीख लेखी घेतली. ती होती नंतरच्या महिन्याची 9. सात दिवस 16 ला संपले. कंपनीला पत्र दिलं की आमच्या नोटिशीनुसार 18 पासून संप. "किंवा त्यानंतर कोणत्याही दिवशी" या शब्दांमुळे नवी नोटीस, नवे चौदा दिवस असं काही करावं लागलं नाही. भाऊंचा तेव्हा मला फार अभिमान वाटला.

संप झाला. कंपनीने तो बेकायदेशीर ठरवून मागण्यासाठी कामगार न्यायालयात अर्ज केला, आणि आमच्या वकिलांनी मतदानाचा ठराव, नोटिशीची पोच आणि ती आवक तारीख समोर ठेवल्यावर पुढे तो रेटला नाही. याच दरम्यान टाळेबंदीची धमकीही आली होती. टाळेबंदीलाही चौदा दिवसांची नोटीस लागते, हे त्यांनाही माहीत होतं. परत आत जाताना गेटवर सद्वर्तनाच्या हमीपत्राचे छापील कागद ठेवले होते. आम्ही एकालाही सही करू दिली नाही. कायदेशीर संपावरून परतणाऱ्या कामगाराकडे असं हमीपत्र मागणं ही मालकाची अनुचित प्रथा आहे, पण हे संरक्षण फक्त कायदेशीर संपाला आहे. बेकायदेशीर संप असता तर उलट आम्हीच, त्याला चिथावणी दिली म्हणून, अनुचित प्रथेत सापडलो असतो. आवक तारखेसाठी एवढा जीव काढला तो यासाठी. संपाच्या दिवसांचा पगार मात्र वेगळा प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये सांगितलं की त्यासाठी संप कायदेशीर तर हवाच, शिवाय समर्थनीयही हवा. आमचा तो मुद्दा करारात अर्ध्यावर मिटला.

आता नव्या कायद्याचं. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता 2020 लागू आहे. त्यात नोटीस सगळ्याच आस्थापनांना लागते, कारखाना असो वा लोकोपयोगी सेवा. नोटीस दिल्यापासून चौदा दिवस संप नाही, आणि साठ दिवसांनंतर ती नोटीस चालत नाही. म्हणजे आमच्यासारखा अहवाल रखडला तर "त्यानंतर कोणत्याही दिवशी" हे शब्द तुम्हाला साठ दिवसांपलीकडे नेणार नाहीत. समेट सुरू झाली असं धरतात ते नोटिशीनंतर अधिकाऱ्याने घेतलेल्या पहिल्या बैठकीपासून, आणि संपाची नोटीस आलेली असेल तर अहवाल चौदा दिवसांत द्यायचा आहे. पहिल्या बैठकीची तारीख तेवढ्यासाठी लिहून ठेवा. समेटीनंतरचे सात दिवस तसेच आहेत. पन्नास टक्के किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच धरला जातो, त्यामुळे ती पळवाट बंद. बेकायदेशीर संपाला कामगाराला एक हजार ते दहा हजार रुपये दंड, किंवा महिनाभरापर्यंत कैद, किंवा दोन्ही. जुन्या केंद्रीय कायद्यात दंड पन्नास रुपयांपर्यंत होता.

एक राहिलं. समेटीच्या प्रत्येक बैठकीनंतर रोजनाम्याचा मोबाइलवर फोटो काढा, सही करण्याआधी एक आणि सगळ्यांच्या सह्या झाल्यावर एक. आमच्या एका तारखेला "संमती नाही" यातला "नाही" नंतरच्या टंकलिखित प्रतीत गळला होता, आणि तो फोटो दाखवल्यावरच दुरुस्त झाला.