गलक्याने न दाखवलेली विकेट

जिल्हा पातळीवरील एका वीस षटकांच्या स्पर्धेचा अंतिम सामना मी संपादित करत होतो. सुमारे पावणेचार तासांचे चित्रण एकाच कॅमेऱ्याचे होते आणि आयोजकांना त्यातून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आठ मिनिटांचे हायलाइट्स हवे होते. एवढे चित्रण सलग पाहत बसण्याऐवजी मी प्रथम त्याचा आवाज वेगळा काढतो, कारण चौकार, षटकार आणि विकेट यांची पहिली चाहूल प्रेक्षकांच्या गलक्यातूनच लागते.

```
ffmpeg -i match.mp4 -vn -ac 1 -ar 16000 -af "highpass=f=300,lowpass=f=3000" match.wav
```

या गाळणीमुळे ढोलाचा खर्ज आणि माइकवरील वाऱ्याची घरघर बरीच कमी होते. त्यानंतर मी दर अर्ध्या सेकंदाची सरासरी पातळी काढून ती आजूबाजूच्या तीन मिनिटांच्या मध्यकाशी ताडून पाहतो. संपूर्ण सामन्यासाठी एकच मर्यादा ठेवून चालत नाही, कारण पहिल्या षटकात मैदान अर्धे रिकामे असते आणि शेवटच्या षटकात माणसे दोरीला खेटून उभी असतात. मध्यकापेक्षा सहा डेसिबलने, म्हणजे ध्वनिलहरीची उंची साधारण दुप्पट होईल इतक्या फरकाने, आवाज वाढला की त्या जागी खूण करायची. षटकाराचा गलका चेंडू दोरीपलीकडे पडेपर्यंत वाढतच राहतो आणि त्याचे शिखर फटक्यानंतर काही सेकंदांनी येते, म्हणून कात्री शिखराच्या दहा सेकंद आधी लावावी, नाहीतर गोलंदाजाची धाव अर्ध्यातच तुटते.

या सामन्यात खुणा भरपूर सापडल्या, पण त्यांतील बऱ्याच फसव्या होत्या. काही ढोल-ताशाच्या होत्या. ताशा वरच्या पट्टीत वाजत असल्याने गाळणीतून सुटतो, परंतु तो मिनिटभर एकाच पातळीवर राहतो, तर खरा गलका एका झटक्यात चढून पाच-सात सेकंदांत ओसरतो; त्यामुळे शिखराची रुंदी पाहून ते वेगळे काढता आले. समालोचकाने लाउडस्पीकरवरून ‘पुढच्या षटकाराला रोख बक्षीस’ असे जाहीर केल्यावर झालेला जल्लोष मात्र आकाराने हुबेहूब षटकारासारखाच दिसत होता आणि तो ओळखण्यासाठी चित्र पाहण्याला पर्याय नव्हता.

उरलेल्या खुणा मी गुणलेखकाच्या वहीशी जुळवल्या. वहीत घड्याळाची वेळ नसते, पण प्रत्येक चेंडू वाइड आणि नो-बॉलसह क्रमाने नोंदलेला असतो. कॅमेरा मैदानाच्या एकाच टोकाला असल्यामुळे फलंदाज एका षटकात समोरून आणि पुढच्या षटकात पाठमोरा दिसतो. या बदलावरून षटकांच्या सुरुवाती शोधल्या की आतले चेंडू मोजणे सोपे जाते.

तेव्हा लक्षात आले की सतराव्या षटकातील विकेटजवळ एकही खूण नव्हती. यजमान संघ १५८ धावांचा पाठलाग करत होता आणि साठीत पोहोचलेला त्यांचा जम बसलेला फलंदाज लाँग-ऑनला झेलबाद झाला होता. माझ्या मते सामना तिथेच फिरला. मैदान यजमानांच्या माणसांनी भरलेले होते. चेंडू हवेत असताना आवाज थोडा वाढला आणि झेल पूर्ण होताच आलेखाची रेषा मध्यकाच्या बरीच खाली गेली. पाहुण्या संघाच्या मोजक्या खेळाडूंचा आनंद दूरच्या माइकपर्यंत पोहोचलाच नव्हता.

मग मी मध्यकापेक्षा अचानक खाली गेलेल्या जागाही शोधायच्या ठरवल्या, परंतु तिथे एक वेगळी अडचण होती. कॅमेऱ्याची ध्वनिपातळी स्वयंचलित होती. मोठा गलका झाला की कॅमेरा आवाज आपोआप दाबतो आणि पुढचे काही सेकंद मैदानाची नेहमीची कुजबुजही खाली जाऊन हळूहळू पूर्ववत होते. प्रत्येक षटकारामागे त्यामुळे एक खोटी शांतता तयार झाली होती. शिखरापाठोपाठ आलेले खड्डे मी वगळले आणि आधी शिखर नसताना पडलेले तेवढे ठेवले. त्यांत षटकांमधील विश्रांती होती, खेळाडूला दुखापत झाल्यामुळे खेळ थांबला होता ती वेळ होती, आणि ती विकेटही होती. यजमानांचा सलामीवीर धावबाद झाला तो क्षणही याच यादीत सापडला.

आयोजकांनी संपूर्ण चित्रफितीला पार्श्वसंगीत मागितले होते. झेलाच्या तुकड्यावर ते घालू नये, असे मी त्यांना कारणासह सांगितले आणि त्यांनी ते मान्य केले. तो तुकडा मी इतरांपेक्षा लांब, फलंदाज दोरीपर्यंत चालत जाईपर्यंत ठेवला. पुढच्या स्पर्धेसाठी मी त्यांच्याकडे दोन गोष्टी मागितल्या आहेत: कॅमेऱ्याची ध्वनिपातळी हाताने ठरवून तशीच कायम ठेवावी, आणि गुणलेखकाने प्रत्येक षटकाच्या सुरुवातीला वहीच्या समासात घड्याळाची वेळ लिहावी.